दिवा लागतो, पण बॅटरी चार्ज होत नाही

अडॅप्टरच्या ठोकळ्यावरचा दिवा एवढंच सांगतो की घरातल्या २३० व्होल्टचे साधारण १९ व्होल्ट ठोकळ्यात तयार होत आहेत. पुढच्या वायरीतून ते लॅपटॉपपर्यंत पोचतात की नाही, हे त्या दिव्याला कळत नाही. तरीही दिवा बघून अडॅप्टर निर्दोष ठरतो आणि लोक थेट नवी बॅटरी मागवतात.

मालवणात समुद्राजवळ राहणाऱ्या माझ्या भाचीचा लॅपटॉप ऐन श्रावणात असाच अडला. बॅटरी १२ टक्क्यांवर आणि स्क्रीनवर `Plugged in, not charging`. म्हणजे वीज आत येत होती. प्लगचं चिन्हच उमटलं नसतं, तर पहिला संशय वायरीवर. प्लगच्या मानेशी वायर रोज दुमडते आणि आतल्या तारा एकेक करून तुटतात. दोन-चार तारा उरल्या तरी मल्टिमीटर पूर्ण १९ व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ करंट ओढतच नाही. लॅपटॉपने ३ अँपिअर ओढले की मात्र व्होल्टेज पडतं आणि ती जागा हाताला गरम लागते. भाचीची वायर गार होती.

मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ टाकून बॅटरीचा अहवाल काढला:

```
powercfg /batteryreport
```

त्यात `FULL CHARGE CAPACITY` हा आकडा `DESIGN CAPACITY`च्या निम्म्याहून खूप खाली असेल, तर बॅटरी थकलेली. इथे तो चांगला होता. हा आकडा अंदाजाचा असतो, त्यामुळे बॅटरीवरचा संशय कमी झाला, पूर्ण गेला नाही.

राहिली प्लगच्या मधली बारीक पिन. गोल प्लगच्या बऱ्याच अडॅप्टरांत ही पिन लॅपटॉप चालवणारी वीज नेत नाही. अडॅप्टर किती वॅटचा, हे ती लॅपटॉपला कळवते. उत्तर मिळालं नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही. आता पिन अडॅप्टरकडून मुकी की पोर्टकडून? शेजाऱ्यांकडून त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा अडॅप्टर आणून लावला. तरी तेच. म्हणजे अडॅप्टर आणि वायर दोन्ही सुटले.

टॉर्च मारून बघितलं, तर पोर्टच्या आत हिरवट थर. किनाऱ्यावरच्या हवेतून मिठाचे कण सगळीकडे बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि कोकणात पावसाळाभर ती त्याच्या वरच असते. या खारट पाण्याने मुलामा झिजलेल्या जागी खालचं तांबं गंजतं.

लॅपटॉप बंद करून, अडॅप्टर भिंतीतूनही काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या नायलॉनच्या बारीक ब्रशने पोर्ट साफ केलं. धातूचं टोक आत घालू नये, संपर्क वाकतो. पूर्ण वाळल्यावर प्लग लावला आणि टक्के वाढू लागले. तरी चार्जिंग सुरू झालं नसतं, तर पोर्टचा टाका सुटलाय का, हे दुरुस्तीवाल्याकडे उघडून बघायला लागलं असतं. बॅटरी बदलायचा विचार त्यानंतर.