पाऊल सपाट दिसते? इनसोल मागण्याआधी मुलाला चवड्यावर उभे करा

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला तोच फोटो येतो. फरशीवर उमटलेला ओल्या पावलाचा ठसा, मधली खाच भरून गेलेली, आणि खाली प्रश्न: "मुलाचे पाय फताडे आहेत, इनसोलचे किती होतील?" वय विचारले की उत्तर येते, अडीच वर्षे, तीन वर्षे. खानापूर, निपाणी, चिकोडीहून तर काही पालक शाळा बुडवून मुलाला थेट घेऊनच येतात, आणि आम्ही त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवतो. ही खेप वाचावी म्हणून हे पत्रक.

उभ्या पावलाच्या ठशावरून आम्हाला काहीच ठरवता येत नाही. लहान मुलाच्या तळपायात कमानीच्या जागी चरबीची गादी असते आणि सांध्यांचे बंध सैल असतात, त्यामुळे अंगाचा भार पडला की पाऊल पसरते. वय वाढते तशी गादी विरते, बंध आवळतात. ऑस्ट्रियात आठशेहून जास्त मुलांची पावले मोजली, तेव्हा तीन वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे पाऊल सपाट होते. सहा वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शावर आले होते. कमान आठ-दहा वर्षांपर्यंत घडत राहते.

ठशाऐवजी हे करा. मुलाला अनवाणी, पाठमोरे उभे करा, हात भिंतीला टेकवू द्या आणि सांगा, "चवड्यावर उभा राहा बघू, फळीवरचा डबा काढायचाय." आता मागून पाहा. टाचा वर गेल्यावर तळपायाला आतून कमान आली आणि बाहेर कललेल्या टाचा आत वळल्या, तर पाऊल लवचीक आहे. खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवले तरी अशा मुलाची कमान दिसते. दुखत नसेल, मूल पळत-खेळत असेल, तर त्याला इनसोल नको, व्यायामही नको. फोटोऐवजी या चवड्यावर उभे राहण्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा, मागच्या बाजूने, घोट्यापासून खाली दिसेल असा. त्यावरून यायचे की नाही ते आम्ही त्याच दिवशी कळवतो. त्याचे पैसे घेत नाही.

"तुम्ही इनसोल विकता आणि नको म्हणता?" असे पुष्कळजण विचारतात. इनसोलने कमान तयार होत नाही, म्हणून नको म्हणतो. अमेरिकेत लहान मुलांना तीन वर्षे खास बूट आणि इनसोल घालून पाहिले. न घालणाऱ्या मुलांचीही पावले तेवढीच सुधारली. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. आपल्याच राज्यात, मणिपालच्या डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ साली निष्कर्ष मांडले: बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांत ८.६ टक्के पावले सपाट, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही बंद बुटांत प्रमाण जास्त होते. म्हणून तीन-चार वर्षांच्या पोराला घरात, अंगणात, शेताच्या बांधावर अनवाणी फिरू द्या. त्याने त्याच्या पायाला जे मिळेल ते आमच्याकडे विकत मिळत नाही.

बेळगावात आणखी एक काळजी असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र गावातच, त्यामुळे पाळण्यातल्या पोराचे पाय पाहूनही आजोबा विचारतात, "याला भरतीत घेतील का?" लष्कराची वैद्यकीय तपासणीही चवड्यावरच उभे करते. कमान परत येत असेल, पाऊल लवचीक आणि न दुखणारे असेल, आणि उमेदवार चवड्यावर नीट धावत-उड्या मारत असेल, तर तेवढ्यावरून नाकारत नाहीत. नाकारतात ते ताठर पाऊल.

मग इनसोल कोणासाठी? पाऊल लवचीक आहे, पण दुखते, त्या मुलासाठी. एक उदाहरण सांगतो. खानापूर भागातला नऊ वर्षांचा मुलगा, शाळेला चालत जायचा. संध्याकाळी तळपायाचा आतला भाग आणि पोटऱ्या दुखायच्या, खो-खो अर्ध्यावर सोडून बसायचा. घरच्यांनी ऑनलाइन मागवलेला कडक प्लास्टिकचा तयार इनसोल आधीच घट्ट झालेल्या शाळेच्या बुटात कोंबला होता. कमानीखाली फोड आले आणि दुखणे वाढले.

चवड्यावर उभा केला तर कमान छान आली. उकिडवाही टाचा टेकवून आरामात बसला. पण गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ओढले की ते काटकोनापाशीच अडायचे, गुडघा वाकवला की सहज वर यायचे. म्हणजे पोटरीचा वरचा स्नायू आखडलेला. चालताना घोट्याला जे वाकता येत नाही, ते पाऊल मधेच कोसळून भरून काढते. अशा पायाची पोटरी न ताणता नुसता कडक इनसोल दिला, की मधल्या भागावर दोन्हीकडून दाब येतो. फोड त्यामुळेच आले.

त्याला आधी व्यायाम दिला. भिंतीकडे तोंड, एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, बोटे समोर. पुढे झुकून ३० सेकंद थांबायचे, दोन्ही पायांना तीन-तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. इथेच बहुतेकजण चुकतात: पाऊल बाहेर फिरवतात, मग पोटरी न ताणता कमानच कोसळते. म्हणून मागच्या पायाच्या आतल्या कडेखाली रुमालाची घडी ठेवायला सांगितली. शिवाय रोज चवड्यावर हळू वर-खाली, दहा-दहा वेळा.

दोन आठवड्यांनी फोड बरे झाल्यावर माप घेतले. मऊ फोमचा, टाचेला खोल वाटी आणि बेताचा आधार असलेला इनसोल बनवला. बुटातला मूळचा पातळ इनसोल काढून मगच तो बसवला, आणि बूटही एक नंबर मोठा, टाचेमागे कडक असलेला घ्यायला लावला. पहिल्या दिवशी एक तास, रोज एक तास वाढवत. काढल्यावर अर्ध्या तासानंतरही लाल डाग राहिला तर परत आणा, तासून देतो, असे सांगितले. एकदा तासावा लागला. तीन महिन्यांत दुखणे थांबले. पाऊल ठशात आजही सपाटच आहे, आणि त्याला आम्ही अपयश मानत नाही. पुढे वर्षभर दुखले नाही, तर इनसोल काढून टाकू.

काही मुलांना आमच्याकडे नव्हे, आधी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. चवड्यावर उभे राहूनही कमान येत नाही. एकच पाऊल सपाट आहे. लंगडते किंवा रात्री दुखते. किंवा आठ ते पंधराच्या दरम्यान पाऊल नव्याने ताठर झाले आणि वारंवार मुरगळते. यात कधी पावलातली दोन हाडे जन्मापासून जोडलेली असतात, आणि वाढीच्या वयात तो जोड घट्ट झाल्यावर त्रास सुरू होतो. ते एक्स-रेत किंवा स्कॅनमध्ये कळते, माझ्या मापपट्टीत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असेल, तर त्याबरहुकूम इनसोल बनवून देतो.

येताना मुलाचे रोजचे, झिजलेले बूट-चप्पल घेऊन या. नवे कोरे घालून आणू नका. टाच कोणत्या कडेने झिजली ते पाहिल्याशिवाय आम्ही माप घेत नाही. मुलाचे पाऊल लवकर वाढते, म्हणून बनवलेला इनसोल दर सहा महिन्यांनी दाखवायला आणा. ती तपासणी आणि किरकोळ तासणी पहिल्या वर्षी किमतीतच धरलेली आहे.