हरवलेल्या तक्त्यातली आयात

परळला राहणारी माझी भाची बारावीला आहे. वर्गातल्या मैत्रिणीने तिला अर्थशास्त्राचं एक उदाहरण पाठवलं. प्रश्नाचा मजकूर आला, पण ज्या चित्रात घटकांचा तक्ता होता ते काही उघडेना. 'वरील तक्त्यावरून खर्च पद्धतीने राष्ट्रीय उत्पन्न काढा', आणि वर पांढरा चौकोन. मैत्रिणीकडूनही मूळ पान गेलं होतं. तिला बहुतेक आकडे आठवत होते, आयातीचा मात्र नाही.

सुदैवाने प्रश्नाचा दुसरा भाग मजकुरातच होता: उत्पन्न पद्धतीनेही उत्तर काढा. वेतन ५६०, खंड ९०, व्याज ८०, नफा १२०, मिश्र उत्पन्न १००, सगळं कोटी रुपयांत. बेरीज ९५०. हे घटक किमतीनुसार निव्वळ देशांतर्गत उत्पादन. परदेशातून मिळणारं निव्वळ घटक उत्पन्न उणे १० होतं, म्हणून राष्ट्रीय उत्पन्न ९४०. देशात एकाने केलेला अंतिम खर्च शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी उत्पन्नात, करात किंवा घसाऱ्यात जातो. म्हणून खर्चाच्या बाजूनेही ९४० च यायला हवेत. हरवलेला आकडा शोधायला एवढा आधार पुरतो.

खर्चाची बेरीज आपल्याला बाजारभावानुसार स्थूल देशांतर्गत उत्पादन देते, म्हणून ९५० पासून उलटं चढत जायचं. मैत्रिणीला निव्वळ अप्रत्यक्ष कर (कर वजा अनुदानं) ८० आठवत होते आणि घसारा ५०. दोन्ही मिळवले की १०८०. आता तिला आठवलेले खर्च मांडू: खाजगी उपभोग खर्च ७००, सरकारी उपभोग खर्च २००, भांडवल निर्मिती १८०, सुरुवातीचा साठा ४० आणि अखेरचा ६०, म्हणजे साठ्यात २० ची वाढ, आणि निर्यात ५०. एकूण ११५०. म्हणजे आयात ७०. शिष्यवृत्तीचे १५ सुद्धा तक्त्यात होते असं ती म्हणाली. ते बाजूला ठेवले, कारण ती हस्तांतरित देणी आहेत; त्या पैशाच्या बदल्यात कुठलंही उत्पादन झालेलं नाही.

"मामा, पण आयात वजा का करायची? परदेशी वस्तू घेतली म्हणून आपलं उत्पादन कमी होतं का?" भाचीने विचारलं. नाही होत. समजा न्हावा शेवाला १७,००० रुपयांचा फोन उतरला आणि दादरच्या दुकानात २०,००० ला विकला गेला. खाजगी उपभोगात पूर्ण २०,००० धरले गेले. त्यातले १७,००० परदेशातलं उत्पादन आहे, ते आधीच आत शिरलंय, म्हणून बाहेर काढायचं. उरलेल्या ३,००० मध्ये इथली वाहतूक, दुकानदाराची मेहनत आणि इथले कर आले. वजाबाकी करून आपण ती चुकीची भर काढून टाकतो.

मग मी तिला वहीतल्या भांडवल निर्मितीच्या ओळीशी थांबवलं. मैत्रिणीने नुसतं 'भांडवल निर्मिती १८०' असं सांगितलं होतं. ते 'स्थूल स्थिर भांडवल निर्मिती' असेल, तर यंत्रं, बांधकामं वगैरे १८० चे आणि साठ्यातली वाढ वेगळी, म्हणजे आपला हिशोब बरोबर. पण ते 'स्थूल देशांतर्गत भांडवल निर्मिती' असेल, तर साठ्यातली २० ची वाढ तिच्या पोटातच आहे. ती पुन्हा मिळवली तर दोनदा मोजली जाईल. तसं झालं तर खर्च ११३० आणि आयात ५०. दोन्ही हिशोबांत राष्ट्रीय उत्पन्न ९४० च येतं! समीकरण एकच आहे, ते एकच अज्ञात सोडवू शकतं. दुसऱ्या कुठल्याही आकड्याच्या आठवणीत चूक असेल, तर ती गुपचूप आयातीच्या आकड्यात जाऊन बसते आणि ताळा मात्र जुळतो. ९४० आलं याचा अर्थ आयात बरोबर आली, असा होत नाही. ती आपण जुळवूनच काढली आहे.

देशाचा हिशोब करणाऱ्यांनाही हे पुरतं ठाऊक असतं. भारतात उत्पादनाच्या बाजूने काढलेला आकडा पक्का धरतात आणि खर्चाच्या बाजूची बेरीज त्याच्याशी बऱ्याचदा तंतोतंत जुळत नाही. हा फरक ते आयातीत किंवा उपभोगात मिसळत नाहीत. अशा वेळी तक्त्यात 'विसंगती' नावाची स्वतंत्र ओळ असते, तिथे तो उघड दाखवतात. वस्तूंच्या आयातीची नोंद सीमाशुल्काच्या कागदांत होते. घराघरातला खर्च मात्र मुख्यतः उत्पादन, व्यापार आणि साठ्याच्या आकड्यांवरून अंदाजाने काढावा लागतो.

भाचीने वहीत आयात ७० पेन्सिलीने लिहिली आणि मैत्रिणीला आकडा न विचारता एकच गोष्ट विचारली: "१८० च्या ओळीत 'स्थिर' हा शब्द होता का?" थोड्या वेळाने उत्तर आलं, होता. 'स्थूल' आणि 'स्थिर' दोन्ही लागोपाठ आले म्हणून वाचताना ती अडखळली होती, ते तिला नीट आठवत होतं.