पाण्याची दुष्फेनता

ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येत नाही ते दुष्फेन किंवा कठीण पाणी. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे पाण्यात विरघळलेले आयन हे त्याचे मुख्य कारण. हे आयन बायकार्बोनेटच्या जोडीने असले तर दुष्फेनता अस्थायी असते, म्हणजे उकळून जाते. सल्फेट किंवा क्लोराइडच्या जोडीने असले तर ती स्थायी असते. क्षार कोणताही असो, दुष्फेनता तेवढ्याच रेणूंच्या कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात सांगतात, म्हणजे वेगवेगळ्या क्षारांची बेरीज करता येते.

उदाहरणादाखल एका लिटरमध्ये 162 मिलिग्रॅम Ca(HCO₃)₂, 73 मिलिग्रॅम Mg(HCO₃)₂ आणि 68 मिलिग्रॅम CaSO₄ असलेले पाणी घेऊ. रेणुभाराने भागले की हे अनुक्रमे 1, 0.5 आणि 0.5 मिलिमोल होतात. कॅल्शियम कार्बोनेटचा रेणुभार 100, म्हणून अस्थायी दुष्फेनता 150, स्थायी 50 आणि एकूण 200 मिलिग्रॅम प्रतिलिटर.

साबण म्हणजे लांब साखळीच्या मेदाम्लांचे सोडियम क्षार. सोडियम स्टिअरेट कठीण पाण्यात पडले की सोडियमची जागा कॅल्शियम घेते:

2C₁₇H₃₅COONa + Ca²⁺ → (C₁₇H₃₅COO)₂Ca↓ + 2Na⁺

हा कॅल्शियम स्टिअरेट पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या कडेला आणि कपड्यांवर बसणारा चिकट पांढुरका साका तो हाच. एका आयनामागे साबणाचे दोन रेणू खर्ची पडतात. वरच्या पाण्यात असे आयन लिटरला 2 मिलिमोल आहेत, म्हणजे 4 मिलिमोल साबण, सुमारे 1.2 ग्रॅम, साक्यातच जातो. वीस लिटरच्या बादलीत पंचवीस ग्रॅमच्या आसपास साबण विरघळेपर्यंत टिकाऊ फेस दिसणार नाही.

अपमार्जकात कार्बोक्झिलेटऐवजी सल्फोनेट किंवा सल्फेट गट असतो. त्याचे कॅल्शियम क्षार साबणाच्या क्षारांपेक्षा बरेच अधिक विद्राव्य असल्याने साका धरत नाही. ‘अपमार्जकावर कठीण पाण्याचा काहीच परिणाम होत नाही’ हे उत्तरपत्रिकांमधले ठराविक वाक्य मात्र अर्धेच खरे आहे. दुष्फेनता फार असली तर अपमार्जकही मंदावतो. म्हणूनच धुण्याच्या पावडरीत कॅल्शियमला अडकवून ठेवणारे फॉस्फेट किंवा झिओलाइट मिसळलेले असते. फॉस्फेटमुळे तलावांत शेवाळ माजते, त्यामुळे अनेक ठिकाणी झिओलाइटला पसंती मिळाली.

पाणी उकळले की कॅल्शियम बायकार्बोनेट मोडून CaCO₃ खाली बसतो. मॅग्नेशियमच्या बाबतीत विद्यार्थी सवयीने MgCO₃ लिहितात, पण Mg(OH)₂ त्याहून कमी विद्राव्य असल्याने तोच अवक्षेप मिळतो. हा फरक केवळ गुणांपुरता नाही, चुन्याचा हिशेब त्यावरच ठरतो.

चुना घालून पाणी मृदू करण्याची पद्धत ॲबर्डीनचे रसायनशास्त्रज्ञ टॉमस क्लार्क यांची, तिचे पेटंट 1841 मधले. चुना घालून चुनाच काढायचा, हे ऐकायला विचित्र वाटते. पण चुना बायकार्बोनेटचे कार्बोनेट करतो आणि आधीच्या कॅल्शियमबरोबर स्वतःचा कॅल्शियमही खाली नेतो:

Ca(HCO₃)₂ + Ca(OH)₂ → 2CaCO₃↓ + 2H₂O

Mg(HCO₃)₂ + 2Ca(OH)₂ → Mg(OH)₂↓ + 2CaCO₃↓ + 2H₂O

मॅग्नेशियमला दुप्पट चुना का लागतो ते दुसऱ्या समीकरणात दिसते. आपल्या पाण्याला 1 + 2 × 0.5, म्हणजे 2 मिलिमोल, अर्थात लिटरला 148 मिलिग्रॅम Ca(OH)₂ हवे. CaSO₄ वर चुना चालत नाही, तिथे धुण्याचा सोडा लागतो:

CaSO₄ + Na₂CO₃ → CaCO₃↓ + Na₂SO₄

त्यासाठी 0.5 मिलिमोल, म्हणजे 53 मिलिग्रॅम निर्जल सोडा. हजार लिटरला 148 ग्रॅम चुना आणि 53 ग्रॅम सोडा असा हिशेब होतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्यास तोही चुना खातो, तेवढा वाढवावा लागतो. मात्र हात सैल सोडून चालत नाही, कारण जास्तीचा चुना पाण्यातच राहून नवी दुष्फेनता आणतो. मात्रा अचूक असली तरी CaCO₃ थोडा विरघळतोच, त्यामुळे दुष्फेनता शून्यावर येत नाही.

ती जवळजवळ शून्यावर आणायची तर आयन-विनिमय करतात. झिओलाइटच्या किंवा रेझिनच्या थरातून पाणी जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम थरात अडकतात आणि त्यांच्या जागी सोडियम पाण्यात उतरतो. थर संपृक्त झाला की बाहेर येणाऱ्या पाण्यात साबणाचा फेस पुन्हा मोडू लागतो. मग मिठाचे दाट द्रावण सोडून थर पूर्ववत करतात. गढूळ पाणी आधी गाळून घ्यावे लागते, नाहीतर थर तुंबतो.

या पद्धतीत बायकार्बोनेट मात्र जागेवरच राहते, फक्त सोडियमचे होऊन. बॉयलरमध्ये ते तापून मोडते, कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर जातो आणि मागे उरलेले पाणी तीव्र अल्कधर्मी होते. म्हणून अस्थायी दुष्फेनता जास्त असलेले पाणी बॉयलरसाठी आधी चुन्याने आणि मग झिओलाइटने मृदू करतात.