नकारपत्र, मुलाखतीनंतरचे

मुलाखत दिलेल्या उमेदवाराला निवड झाली नसल्याचे कळवणारे छोटे पत्र किंवा ईमेल. अर्जांच्या छाननीत वगळलेल्यांना जाणारे साचेबंद उत्तर यापेक्षा वेगळे असते. छाननीतल्या अर्जदाराला संस्थेने फक्त कागदावर पाहिलेले असते. मुलाखतीला आलेल्याने मात्र रजा काढलेली असते, तयारी केलेली असते आणि पॅनेलसमोर बसून तास-दीड तास बोललेले असते. म्हणून त्याला नावानिशी, कुणाच्या तरी सहीने आणि एका वाचनात कळेल असे उत्तर द्यायचे असते. असे पत्र साधारण ६० ते १०० शब्दांत पुरे होते. ते लांबले तर त्यात बहुधा पाळता न येणारे एखादे आश्वासन शिरलेले असते, नाहीतर कुणालाही लागू पडेल असा दिलासा.

पत्राची रचना साधी असते. एका वाक्यात मुलाखतीचा उल्लेख आणि आभार, लगेच पुढच्या वाक्यात निर्णय, मग देता येण्यासारखे असेल तर एक कारण आणि शेवटी सही. निर्णय तिसऱ्या परिच्छेदापर्यंत लांबवण्याची सवय व्यापारी पत्रलेखनाच्या पाठ्यपुस्तकांतून आली. वाईट बातमीआधी दोन-चार सौम्य वाक्ये घालून वाचकाचे मन तयार करावे, असा सल्ला त्यांत असे. व्यावसायिक पत्रलेखनाच्या अमेरिकी अभ्यासक किटी लॉकर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा सल्ला टिकला नाही. त्यांनी कर्ज नाकारणारी आणि उच्च शिक्षणाचा प्रवेश नाकारणारी पत्रे विद्यार्थ्यांना वाचायला दिली. सौम्य प्रस्तावनेने वाचकांच्या प्रतिक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही, आणि शेवटी जोर लावून केलेली संस्थेची भलामण तर उलटी पडली. ती पत्रे नोकरीची नव्हती हे खरे, पण उत्तराची वाट पाहणारा माणूस ईमेल उघडल्यावर आधी निर्णयच शोधतो, हे भरतीचे काम करणाऱ्या कुणालाही पटेल.

खोटे आश्वासन क्वचितच खोटे बोलण्याच्या हेतूने लिहिले जाते. लिहिणाऱ्याला अवघडल्यासारखे होते आणि हात आपोआप ठरावीक वाक्यांकडे जातो. त्यांतले सर्वांत प्रचलित म्हणजे ‘आपला बायोडेटा आमच्याकडे जपून ठेवू आणि योग्य जागा निघाल्यास नक्की संपर्क करू’. हे वाक्य ठेवायचे की काढायचे, हे तीन प्रश्नांनी ठरते: बायोडेटा कुठे ठेवणार, तो पुन्हा कोण उघडणार आणि कधीपर्यंत? तिन्हींची उत्तरे नसतील तर वाक्य काढावे. उत्तरे असतील तर तीच लिहावीत. युरोपीय संघात हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न राहिलेला नाही. मे २०१८ पासून लागू असलेल्या विदासंरक्षण नियमांनुसार वैयक्तिक माहिती गरजेपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही आणि ती किती काळ ठेवणार, किंवा तो काळ कशावरून ठरणार, हे त्या व्यक्तीला सांगावे लागते. ‘जपून ठेवू’ असे मोघम लिहिणारी संस्था तिथे स्वतःच्याच गळ्यात जबाबदारी अडकवून घेते.

खोटे आश्वासन शिरण्याची दुसरी जागा लहान, पण फसवी असते. ‘सध्या आपली निवड करता येत नाही’ किंवा ‘या टप्प्यावर’ असे लिहिले की निर्णय अर्धवट आहे असे वाटते. उमेदवार त्या एका शब्दावर आठवडे काढतो, दुसरीकडची ऑफर लांबवतो. निर्णय पक्का असेल तर ‘या पदासाठी आपली निवड झालेली नाही’ एवढे पुरते. ‘पुन्हा जरूर अर्ज करा’ हेही असेच. पॅनेलला या उमेदवाराला पुन्हा बोलवावेसे वाटते का, असे विचारून होकार मिळाला असेल तरच ते लिहावे, आणि कोणत्या कामासाठी तेही सांगावे.

मोघम उत्तेजन ओळखायला सोपी कसोटी आहे. तेच वाक्य मुलाखतीतल्या सर्वांत कच्च्या उमेदवारालाही न बदलता पाठवता आले, तर त्यात काहीच सांगितलेले नाही. ‘आपली पात्रता अत्यंत प्रभावी होती’, ‘निर्णय फार कठीण होता’, ‘आपल्याला लवकरच उत्तम संधी मिळेल याची खात्री आहे’ ही वाक्ये या कसोटीवर पडतात. शेवटच्या वाक्यात तर संस्था आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची खात्री देते. शुभेच्छा द्यायला हरकत नाही. ती दोन शब्दांत संपते आणि भाकीत करत नाही.

एक प्रसंग घेऊ. पाच शाखांचे महिनाअखेरीचे हिशेब एकत्र करणाऱ्या वरिष्ठ लेखापालाचे पद आहे, आणि ‘एकाहून अधिक शाखांचे हिशेब एकत्र करण्याचा अनुभव आवश्यक’ असे जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते. चौघांच्या मुलाखती झाल्या, दोघांना दुसऱ्या फेरीला बोलावले. त्यांतल्या एकीचे एका शाखेचे काम चोख होते; बँक ताळमेळावरच्या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर पॅनेलने आपल्या टिपणांत मुद्दाम नोंदवले. पण शाखांमधले परस्पर व्यवहार वगळून एकत्र हिशेब कसा काढायचा, हे तिने कधी केलेले नव्हते. ज्याला असा अनुभव होता त्याची निवड झाली. एचआरमधून तयार झालेला पहिला मसुदा असा होता:

‘आमच्या संस्थेत आपण दाखवलेल्या रसाबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. आम्हाला अनेक उत्कृष्ट उमेदवारांचे अर्ज मिळाले आणि निवड करणे अत्यंत कठीण झाले. आपल्या पात्रतेने आम्ही प्रभावित झालो असलो, तरी या टप्प्यावर आम्ही आमच्या गरजांशी अधिक जुळणाऱ्या उमेदवारासोबत पुढे जात आहोत. आपला बायोडेटा आमच्याकडे राहील आणि भविष्यात योग्य संधी आल्यास आपल्याशी अवश्य संपर्क साधू. आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा.’

या पाच वाक्यांत तिच्याविषयीचे एकही वाक्य नाही. नकारसुद्धा तिसऱ्या वाक्याच्या उत्तरार्धात, तोही आडून येतो: दुसऱ्या कुणासोबत तरी ‘पुढे जात आहोत’, यावरून आपले काय झाले ते तिनेच ताडायचे. ‘गरजांशी अधिक जुळणारा’ म्हणजे काय, हेही कळत नाही. विभागप्रमुखाने हा मसुदा बाजूला ठेवला आणि स्वतः लिहिले:

‘नमस्कार. वरिष्ठ लेखापाल पदासाठी आपण दोन्ही फेऱ्यांना आलात, त्याबद्दल आभार. या पदासाठी आपली निवड झालेली नाही. एकाहून अधिक शाखांचे हिशेब एकत्र करण्याचा अनुभव असलेल्या उमेदवाराची आम्ही निवड केली आहे. जाहिरातीत ती अट होती आणि दुसऱ्या फेरीत आपले त्यावर बोलणेही झाले होते. बँक ताळमेळाच्या प्रश्नाला आपण दिलेले उत्तर पॅनेलला आवडले. ही भरती आता पूर्ण झाली आहे. काही विचारायचे असल्यास या ईमेलला उत्तर द्यावे, ते माझ्याकडेच येईल. शुभेच्छा.’

हे पत्र मसुद्यापेक्षा फारसे लांब नाही, आणि त्यातले प्रत्येक विधान पॅनेलच्या टिपणांत सापडते. कौतुकाचे वाक्यही बाकी तिघांना पाठवता येणार नाही. ‘ही भरती आता पूर्ण झाली आहे’ हे वाक्य कोरडे वाटते खरे, पण ‘या टप्प्यावर’मुळे लोंबकळत राहणारी आशा तेच बंद करते.

कारण द्यावे की नाही, यावर भरतीच्या व्यवसायात एकमत नाही. अनेक संस्थांचे वकील ‘काहीही लिहू नका’ असा सल्ला देतात, आणि तो निराधार नाही. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखालील भेदभावाच्या दाव्यांत संस्थेने आधी एक आणि नंतर दुसरे कारण दिले, तर दिलेले कारण बनावट आहे असा युक्तिवाद उमेदवाराच्या बाजूने करता येतो. ‘आपला अनुभव या पदासाठी जास्त आहे’ हे सौम्य वाटणारे वाक्यही तिथे धोक्याचे ठरते, कारण १९६७ चा वयाधारित भेदभावविरोधी कायदा ४० आणि त्यापुढील वयाच्या उमेदवारांना संरक्षण देतो. ‘आमच्या टीममध्ये बसणार नाही’ हे तर मोघमही आणि संशयास्पदही. वरच्या प्रसंगातले कारण सुरक्षित ठरते, कारण ते कामाशी बांधलेले आहे, जाहिरातीत आधीपासून होते, मुलाखतीत विचारले गेले होते आणि निवडलेल्या उमेदवाराकडे तो अनुभव खरोखर होता. यांतले एक जरी नसेल, तर कारण न देता नुसता निर्णय कळवणे बरे. पॅनेलमध्ये मतभेद असतील, किंवा दोघांत उन्नीस-बीसचाच फरक असेल, तर कारण शोधून काढण्यात अर्थ नाही. पत्र लिहिण्यासाठी मागाहून शोधलेले कारण सहसा खरे नसते. पदच रद्द झाले असेल तर तसेच लिहावे. तिथे ‘अधिक योग्य उमेदवार’ नसतोच.

सर्वांत अवघड असतो तो पाठवण्याच्या वेळेचा प्रश्न, आणि तो दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराविषयी येतो. पहिल्याने ऑफर लेखी स्वीकारेपर्यंत संस्था दुसऱ्याला नकार कळवत नाही, कारण पहिला माघार घेऊ शकतो. तेवढ्या काळात दुसऱ्याला काहीच कळत नाही, आणि त्याने विचारले तर ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे उत्तर जाते. ते शब्दशः खोटे नसते, पण दिशाभूल करतेच. इथे खरे सांगणे शक्य असते: ‘एका उमेदवाराला ऑफर दिली आहे, उत्तर येत्या शुक्रवारपर्यंत अपेक्षित आहे. ती स्वीकारली गेली नाही, तर आपल्याशी बोलण्याची आमची इच्छा आहे. शुक्रवारनंतर दोन दिवसांत काय ते कळवू.’ काहींना हे कमीपणाचे वाटते, पण हातात दुसरी ऑफर असलेल्याला निर्णय घ्यायला एवढी माहिती लागतेच. शुक्रवार उलटला की संस्थेने कळवायलाच हवे. उत्तर आले नसेल तर आले नाही एवढेच. पहिल्या फेरीत स्पष्टपणे बाहेर पडलेल्यांना मात्र या सगळ्यासाठी ताटकळत ठेवण्याचे कारण नसते. त्यांचे पत्र पॅनेलचे मत झाल्यावर दोन-तीन दिवसांत जाऊ शकते.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीपर्यंत आलेल्यांना काही संस्था फोन करतात. फोनवर गप्प राहणे जड जाते, आणि ‘बघू, पुढे काहीतरी करू’ हे वाक्य पत्रापेक्षा तिथे सहज निसटते. म्हणून बोलणे आधी कागदावर लिहून घेतात आणि मागून तेच लेखी पाठवतात.

पत्र मिळाल्यावर काही उमेदवार आणखी कारण विचारतात, काही निर्णयाशी वाद घालतात. विचारणाऱ्याला टिपणांत आहे तेवढेच, एकदा सांगतात. वाद घालणाऱ्याला निर्णय बदलणार नाही असे एका वाक्यात कळवतात आणि पत्रव्यवहार तिथे थांबवतात. अशा दुसऱ्या उत्तरात दबावाखाली नवे कारण जोडले जाण्याचा धोका मूळ पत्रापेक्षा जास्त असतो, म्हणून ते ज्याने पहिले पत्र लिहिले त्यानेच लिहावे, असा अनेक ठिकाणी प्रघात आहे.