ब्रँडच्या नावात इमोजी: ट्रेडमार्क अर्ज कसा करायचा, कागदपत्रं कोणती आणि अडतं कुठे

मसाल्याच्या पाकिटावर नावाशेजारी 🌶, खानावळीच्या पाटीवर 😋, कपड्यांच्या दुकानाच्या नावात ❤. अशी नावं भारतात ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतात. ट्रेडमार्क कायदा १९९९ मध्ये इमोजीचा उल्लेख नाही, पण शब्द, अक्षर, आकडा, चित्र, लेबल आणि यांची कोणतीही जुळणी चिन्ह म्हणून चालते. इमोजी त्यातल्या चित्रात मोडतो. त्यामुळे अर्ज घेतला जाईल का, ही काळजी नको. प्रमाणपत्र हातात आल्यावर नेमका कशावर हक्क मिळणार, हे मात्र अर्ज भरण्याआधीच ठरवावं लागतं, कारण अर्ज दाखल झाल्यावर चिन्हात ठळक बदल करू देत नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगलीतला एक गृहउद्योग 'भिंगरी' नावाने कांदा-लसूण मसाला आणि लोणची विकतो. लोगोत 'री'च्या दुसऱ्या वेलांटीच्या जागी लाल मिरची काढली आहे. मालकीणबाईंना नाव आणि मिरची दोन्ही 'आपलं' करून हवं आहे.

मिरची एकटी नोंदवता येईल का?

मसाल्यासाठी, जवळपास नाहीच. कलम ९(१)(ब) नुसार मालाचा प्रकार किंवा गुण सांगणारं चिन्ह नोंदवलं जात नाही, आणि मसाल्यावरची मिरची नेमकं तेच करते. कलम ९(१)(क) व्यापारात रूढ झालेली चिन्हं बाजूला ठेवतं. तिखटपणा दाखवायला एक-दोन-तीन मिरच्या छापण्याची पद्धत सगळ्या बाजारात आहे. हसरा चेहरा, हृदय, अंगठा यांची गत वेगळ्या वाटेने तीच होते. ते कशाचंही वर्णन करत नाहीत, पण गिऱ्हाईक त्यांच्याकडे सजावट म्हणून पाहतं, कंपनीची ओळख म्हणून नाही. तिथे कलम ९(१)(अ) लागतं. अर्जाच्या तारखेआधीच्या वापराने ते चिन्ह तुमच्याच मालाची ओळख झालं आहे, हे पुराव्याने दाखवता आलं तर ही हरकत दूर होते. पण लहान उद्योगाला तेवढा पुरावा गोळा करणं अवघड जातं.

म्हणून 'भिंगरी' हा शब्द आणि मिरचीची वेलांटी एकत्र नोंदवायची. इथे कलम १७ नीट समजून घ्यावं: हक्क संपूर्ण चिन्हावर मिळतो, त्यातल्या सर्वसामान्य भागावर वेगळा मिळत नाही. उद्या शेजारच्या तालुक्यातल्या कोणी दुसऱ्या नावापुढे मिरची छापली, तर केवळ त्या मिरचीवरून त्याला थांबवता येणार नाही. त्याने 'भिंगरी'शी मिळतंजुळतं नाव घेतलं, तर थांबवता येईल.

याचा सरळ परिणाम असा, की दोन अर्ज करणं शहाणपणाचं. पहिला फक्त 'भिंगरी' या शब्दाचा, म्हणजे वर्डमार्क. दुसरा लोगोचा, म्हणजे डिव्हाइस मार्क. पैसे एकाच अर्जाचे असतील तर आधी शब्द नोंदवा. बरेच जण उलटं करतात, कारण लोगो दिसायला देखणा असतो. मग पुढे लोगो बदलला की नोंदणी जुन्या चित्राला चिकटून राहते. नोंदवलेलं चिन्ह सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने वापरात नसेल, तर ते नोंदवहीतून काढण्याची मागणी कोणीही बाधित व्यक्ती करू शकते.

चित्र कोणाचं आहे?

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. फोनवर दिसणारा 🌶 म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, `U+1F336` हा युनिकोड क्रमांक, जो सगळ्यांसाठी खुला आहे. दुसरी, त्या क्रमांकासाठी प्रत्येक कंपनीने आपापलं काढलेलं चित्र, ज्यावर त्या कंपनीचा कॉपीराइट असू शकतो. स्क्रीनशॉट काढून ॲपलची मिरची लोगोत चिकटवली, तर कलम ११(३) खाली कॉपीराइटच्या आधारे तुमच्या अर्जाला विरोध होऊ शकतो. गूगलचा नोटो आणि मूळ ट्विटरचा ट्वेमोजी हे संच मोकळ्या परवान्यावर मिळतात. ट्वेमोजीच्या चित्रांना श्रेय द्यावं लागतं. पण परवाना वापरापुरता असतो. तेच चित्र इतर हजारो लोक तितक्याच हक्काने वापरू शकतात, मग ते तुमची ओळख कसं ठरणार?

शिवाय ही चित्रं बदलत राहतात. २०१६ मध्ये ॲपलने पिस्तुलाच्या इमोजीची हिरवी पाण्याची पिचकारी केली, क्रमांक मात्र तोच राहिला. तुमचा ब्रँड असा दुसऱ्याच्या अपडेटवर टांगून ठेवू नका.

मिरची स्वतः काढून घ्या. डिझायनर बाहेरचा असेल तर त्याच्याकडून कॉपीराइटचं लेखी हस्तांतरण घ्या. त्यात मुदत आणि प्रदेश लिहिणं विसरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाचच वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. 'लोगोचे पैसे पोचले' एवढ्या पावतीवर विसंबू नये.

काही चित्रांच्या वाटेला जाऊच नका. 🇮🇳 राष्ट्रध्वज असल्याने १९५० च्या बोधचिन्ह कायद्याखाली येतो. ⛑ हेल्मेटवर लाल पार्श्वभूमीवरचा पांढरा क्रॉस असतो. रेड क्रॉस आणि स्विस चिन्हाच्या वापरावर जिनिव्हा करार कायदा १९६० ने बंदी घातली आहे. औषधदुकानं आणि प्रथमोपचाराचं सामान विकणारे यात हमखास अडकतात. 🕉 सारख्या चिन्हांवर धार्मिक भावनांच्या कलमाखाली हरकत येऊ शकते. आणि 'इमोजी' हा शब्दच उत्पादनाच्या नावात घालायचा विचार असेल, तर एका जर्मन कंपनीने तो अनेक देशांत मालाच्या अनेक वर्गांसाठी नोंदवलेला आहे, हे लक्षात असू द्या. पिवळ्या हसऱ्या चेहऱ्यावरही असाच दावा आहे. 'स्मायली' फ्रान्समध्ये १९७०च्या दशकातच नोंदवला गेला आणि त्याच्या मालकांचा अमेरिकेत वॉलमार्टशी अनेक वर्षं वाद चालला. माल निर्यात करणाऱ्याने त्या देशातला शोध वेगळा घ्यावा.

अर्ज कोण करू शकतं, शुल्क किती

व्यक्ती, भागीदारी, एलएलपी, कंपनी, संस्था, ट्रस्ट, कोणीही. माल बाजारात आलेला नसला तरी चालतं. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. फॉर्म टीएम-ए ऑनलाइन भरायचा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. मसाला वर्ग ३० मध्ये येतो, लोणची वर्ग २९ मध्ये. म्हणजे दोन वर्ग, प्रत्येकी शब्द आणि लोगो, एकूण १८,००० रुपये. चटणी मात्र ३० मध्येच बसते, त्यामुळे मालाची यादी काळजीपूर्वक लिहा.

कागदपत्रं अशी:

- अर्जदाराची ओळख आणि पत्त्याचा पुरावा. कंपनी किंवा भागीदारी असेल तर तिची कागदपत्रं
- लघुउद्योग म्हणून सवलत हवी असेल तर उद्यम प्रमाणपत्र, तेही अर्जदार उद्योगाच्याच नावाचं. उद्यम यजमानांच्या उद्योगाचं आणि अर्ज दुसऱ्याच फर्मच्या नावाने, असं झालं की शुल्क कमी भरल्याची हरकत येते
- लोगोची स्वच्छ जेपीजी प्रतिमा, ८ बाय ८ सेंटिमीटरच्या आत
- वकील किंवा एजंट असेल तर अधिकारपत्र
- वापर आधीपासून असेल तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे
- स्वतः भरत असाल तर डिजिटल सही

अर्जाआधी ipindia.gov.in वर मोफत सार्वजनिक शोध घ्या. शब्दाचा शोध घेताना उच्चारसाम्याचाही पर्याय वापरा. इमोजीवाल्यांना मात्र चित्राचा शोधही लागतो, आणि तो व्हिएन्ना संकेतांकावर, म्हणजे चित्रातल्या आकाराला दिलेल्या क्रमांकावर चालतो: हृदय २.९.१, भाज्यांचा गट ५.९. शोधात दिसलेल्या प्रत्येक मिरचीने घाबरून जाऊ नका, नावासह एकूण ठसा कसा उमटतो ते पाहा.

फॉर्म भरताना

इमोजी की-बोर्डवरून उचलून वर्डमार्कच्या रकान्यात टाकू नका. वर्डमार्क साध्या अक्षरांचा असतो. लोगोचा अर्ज डिव्हाइस म्हणून करा, प्रतिमा जोडा, आणि वर्णनात 'इमोजी' न लिहिता जे दिसतं ते लिहा: 'भिंगरी हा शब्द, अखेरच्या अक्षराची वेलांटी मिरचीच्या आकाराची'. देवनागरी शब्दाचं रोमन लिप्यंतर आणि अर्थही द्या. प्रतिमा शक्यतो काळी-पांढरी ठेवा. रंगांची मर्यादा न घालता नोंदवलेलं चिन्ह कलम १० नुसार सर्व रंगांसाठी धरलं जातं. लाल रंगावरच दावा केला, तर संरक्षण त्या रंगापुरतं आखडतं.

वापराची तारीख हा नेहमीचा खड्डा. समजा 'भिंगरी' नाव २०१९ पासून चालू आहे, पण मिरचीची वेलांटी २०२३ मध्ये आली. मग शब्दाच्या अर्जात २०१९ आणि लोगोच्या अर्जात २०२३ हीच तारीख लिहायची. दोन्हीकडे २०१९ लिहिलं, तर पुढे विरोधकाला प्रतिज्ञापत्र खोटं ठरवायला आयतं साधन मिळतं. बिलांवर बहुधा नुसतं नाव असतं, म्हणून लोगोसाठी पाकिटं छापणाऱ्या प्रेसचं बिल, तारीख असलेली जाहिरात, पाकिटाचे फोटो असे पुरावे जपा.

दाखल केल्यानंतर

लोगोच्या अर्जाची स्थिती काही काळ `Send to Vienna Codification` अशी दिसते. त्यात बिघडलेलं काही नाही, चित्राला संकेतांक दिला जात असतो. तपासणी अहवाल आला आणि स्थिती `Objected` झाली, तर अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिल्याचं धरलं जाऊ शकतं. ईमेल स्पॅममध्ये पडल्याने गेलेले अर्ज थोडेथोडके नसतात, म्हणून दर आठवड्याला स्थिती स्वतः पाहा.

भिंगरीच्या लोगोवर अपेक्षित हरकत एकच: मिरची मालाचं वर्णन करते. उत्तरात मिरचीची बाजू लढवत बसू नका. चिन्ह संपूर्ण पाहावं, 'भिंगरी' या शब्दाचा मसाल्याशी काही संबंध नाही, आणि मिरचीवर स्वतंत्र हक्क मागितलेला नाही, असं सरळ लिहा. एवढ्याने भागलं नाही तर सुनावणी लागते. मान्य झाल्यावर चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं आणि पुढचे चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतं. विरोध झाला तर त्याची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन द्यायचं असतं. विरोध नसेल तर प्रमाणपत्र मिळतं, अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांसाठी.

तोपर्यंत पाकिटावर ™ छापायला हरकत नाही. की-बोर्डवर त्याच्याच शेजारी ® असतो. तो प्रमाणपत्र येण्याआधी छापू नका, कारण नोंदणी नसताना ती असल्याचं भासवणं कलम १०७ खाली दंडनीय आहे.