वर्षभराच्या तपासण्यांचं कॅलेंडर: तयारीचे दिवसही लिहा

आमच्या लॅबमध्ये साठीच्या पुढचे बरेच जण नियमित येतात. वर्षाची तपासणी चुकवू नये, हे त्यांना सांगावं लागत नाही. तारीख बहुतेकांच्या घरी कॅलेंडरवर गोल करून ठेवलेली असते. अडचण त्या गोलाच्या आधीच्या तीन-चार चौकटींची आहे. त्या कोऱ्या असतात, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी आम्हाला कुणाला तरी सांगावं लागतं, "काका, आज रक्त घेऊन उपयोग नाही, परवा या." पहाटे उठून उपाशी आलेल्या माणसाला असं परत पाठवताना आम्हालाही बरं वाटत नाही. म्हणून हे पत्रक.

बहुतेक वेळा गोंधळ होतो तो गोळ्यांचा. उपाशी यायचं म्हणजे दहा-बारा तास काही खायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. सकाळच्या गोळ्यांचं काय करायचं, हे मात्र प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो. कुणी सगळ्या गोळ्या घेऊन येतो, कुणी एकही घेत नाही. दोन्हीत नुकसान आहे, कारण प्रत्येक गोळीचा नियम वेगळा आहे.

एका काकूंचं उदाहरण

वय अडुसष्ट. मधुमेह, थायरॉइड आणि रक्तदाब, तिन्हीच्या गोळ्या चालू. गेल्या वर्षी थायरॉइडच्या तपासणीत त्यांचा टीएसएच खूप कमी आला आणि टी-फोर जास्त. कागदावर पाहिलं तर थायरॉइडची गोळी जास्त होतेय असंच वाटावं, आणि डोस कमी करायचं जवळजवळ ठरलंही होतं. पण काकूंना ना धडधड, ना वजनात घट, ना हाताला कंप. रिपोर्ट आणि माणूस जुळेना, म्हणून आम्ही त्यांना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन बोलावलं. पिशवीत केसांसाठीची एक गोळी निघाली. त्यात बायोटिन हे जीवनसत्त्व 10 मिलिग्रॅम होतं. शरीराची रोजची गरज साधारण 30 मायक्रोग्रॅम असते, म्हणजे ही मात्रा त्याच्या तीनशे पटींहून जास्त झाली. "ते काय औषध आहे का," असं म्हणून काकूंनी ती कधी सांगितलीच नव्हती.

अनेक यंत्रांमध्ये थायरॉइडची तपासणी होताना बायोटिनचाच वापर गोंदासारखा केलेला असतो. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असलं की ते मध्ये घुसतं, आणि यंत्र टीएसएच खोटा कमी व टी-फोर खोटा जास्त दाखवतं. ग्रंथीत काहीच बदललेलं नसतं. काकूंनी ती गोळी तीन दिवस थांबवली, पुन्हा रक्त दिलं आणि दोन्ही आकडे जागेवर आले. डोस होता तोच राहिला.

तेव्हापासून आम्ही फोनवरच विचारतो: केसांची, नखांची, ताकदीची काही गोळी चालू आहे का? हा प्रश्न काहींना आगाऊपणाचा वाटतो. पण तो विचारला नसता, तर काकूंची गरजेची गोळी विनाकारण कमी झाली असती.

त्यांचं या वर्षीचं कॅलेंडर

काकूंची साखर स्थिर आहे, त्यामुळे एचबीएवनसी सहा महिन्यांनी पुरते: जानेवारी आणि जुलै. हा आकडा साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, म्हणून महिन्याभरात पुन्हा करून नवीन काही कळत नाही. साखर हलत असेल किंवा औषध बदललं असेल, तर मात्र दर तीन महिन्यांनी करावी.

जानेवारीचा दिवस मोठा. उपाशी आणि जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी, लिपिड, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, रक्तघटकांची मोजणी, टीएसएच, आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असल्यामुळे बी-ट्वेल्व्हसुद्धा, कारण या गोळीने ते हळूहळू उतरू शकतं. जुलैत फक्त एचबीएवनसी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. या तिन्हींना उपाशी राहायची गरज नाही, म्हणून जुलैत आम्ही त्यांना दुपारी बोलावतो. आदल्या रात्री मांसाहार मात्र टाळायला सांगतो, त्याने क्रिएटिनिन थोडं वर जातं.

आता जानेवारीच्या बुधवारची तयारी कशी लिहिली, ते पाहा.

रविवारच्या चौकटीत लिहिलं, "केसांची गोळी बंद". म्हणजे रविवार, सोमवार, मंगळवार, पूर्ण तीन दिवस. सोमवारी एकच आठवण: ताप, जुलाब किंवा लघवीला जळजळ असेल तर लॅबला फोन. लघवीत जंतुसंसर्ग असताना अल्ब्युमिन वाढलेलं दिसू शकतं आणि उगीच मूत्रपिंडाची काळजी सुरू होते. मंगळवारी दमवणारा व्यायाम नाही, रोजचं साधं फिरणं चालेल. रात्री साडेआठला जेवण संपवायचं, नंतर फक्त पाणी. पाणी मात्र हवं तेवढं प्या. पाणीसुद्धा न पिता आलेल्या माणसाची शीर सापडत नाही आणि दोनदा टोचावं लागतं. बिनसाखरेचा चहाही नको.

बुधवारी उठल्याबरोबरची पहिली लघवी डबीत. सुरुवातीची थोडी सोडून द्यायची आणि मधली धरायची. रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्यायची. ती बंद केली तर आमच्याकडे दाब वाढलेला निघतो आणि त्या आकड्यावर कुणी तरी औषध वाढवतं. थायरॉइडची गोळी पिशवीत ठेवायची. सकाळची गोळी घेतल्याने टीएसएच फारसा हलत नाही, पण टी-फोर काही तास वर जातो. मधुमेहाच्या गोळ्याही पिशवीतच.

साडेसातला रक्त. लगेच थायरॉइडची गोळी, पाऊण तास थांबायचं, सव्वाआठला मधुमेहाच्या गोळ्यांसह नेहमीचा नाश्ता. पहिला घास तोंडात गेला ती वेळ लिहून ठेवायची. दोन तास तिथपासून मोजायचे, ताट संपल्यापासून नाही. सव्वादहाला दुसरं रक्त, की झालं. "आज साखर बघायची आहे म्हणून गोळी घेतली नाही," असं करू नका. जेवणानंतरची साखर बघायची ती रोजची गोळी आपलं काम करतेय का, हे कळण्यासाठीच.

हे मात्र नीट वाचा

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशी गोळी उपाशीपोटी घेऊन घरातून निघू नका. ती साखर खाली ओढत राहते आणि पोटात काहीच नसतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आदल्या रात्रीचा आणि त्या सकाळचा डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा. साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर आणि छातीत धडधड सुरू होते. वय झालेल्यांमध्ये कधी कधी यातलं काहीच दिसत नाही. माणूस नुसता गोंधळतो, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देतो. असं दिसलं तर उपास तिथेच मोडा. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा बघा. माणूस नीट गिळू शकत नसेल, तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. त्या दिवशीची तपासणी सोडून द्या, ती नंतर होईल.

याच कारणाने आमच्याकडे मधुमेहाच्या रुग्णांचं रक्त सगळ्यांच्या आधी घेतलं जातं, रांग कितीही असली तरी. यावरून इतर ग्राहकांची कुरबुर आम्ही ऐकून घेतो, पण हा क्रम बदलत नाही.

उरलेल्या तपासण्या

सगळं एकाच दिवशी उरकायचा आग्रह बरेच जण धरतात, पण काही तपासण्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात. डोळ्यांचा मागचा पडदा मधुमेहात दरवर्षी बघायचा. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून त्याला स्वतंत्र दिवस ठेवा आणि सोबत कुणाला तरी न्या. काकूंच्या कॅलेंडरवर तो मार्चमध्ये आहे.

ऑक्टोबरमध्ये शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी तपासणी, पंचाहत्तरीपर्यंत वर्षातून एकदा. नव्या पद्धतीच्या किटला पथ्य लागत नाही. किट आम्ही घरी देतो, नमुना घेतला की त्यावर तारीख लिहून सांगितलेल्या मुदतीत परत पाठवायचा. मूळव्याधीतून रक्त पडत असेल तर ते थांबेपर्यंत पुढे ढकला. पडणाऱ्या रक्ताबद्दल डॉक्टरांना मात्र लगेच सांगा.

हाडांची घनता दरवर्षी मोजायचं कारण नाही. हाड इतक्या सावकाश बदलतं, की दोन वर्षांच्या आत खरा फरक आणि यंत्राची चूक वेगळी काढता येत नाही. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी थांबवा. नुकताच रंग घालून स्कॅन झाला असेल तर दोन आठवडे जाऊ द्या. आमच्याकडे हे यंत्र नाही, पण सांगावंसं वाटतं: मागच्या वेळी जिथे केली तिथेच पुन्हा करा, कारण दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. स्तनांची मॅमोग्राफीही दोन वर्षांनी, साधारण चौऱ्याहत्तरीपर्यंत.

काकांसाठी एक गोष्ट. प्रोस्टेट ग्रंथीसाठीची पीएसए ही रक्ताची तपासणी करायची असेल तर आधीचे दोन दिवस सायकल चालवू नका आणि शरीरसंबंध टाळा. लघवीचा संसर्ग होऊन गेला असेल तर सहा आठवडे थांबा. सत्तरीनंतर ही तपासणी आम्ही आपणहून सुचवत नाही, डॉक्टरांनी लिहिली तरच करतो. त्या वयात तिच्यामुळे नको तितकी धावपळ होते, असा अनुभव आहे. कर्करोगाचे मार्कर भरलेली मोठी पॅकेजेसही आम्ही ठेवत नाही. काही त्रास नसताना केलेले ते आकडे बहुधा फक्त झोप उडवतात.

कॅलेंडर आम्ही करून देतो

घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर पसरून एक फोटो काढा, नाव दिसेल अशी बाजू वर ठेवून. केसांची, कॅल्शियमची, ताकदीची, सगळ्या आल्या पाहिजेत. मागच्या वर्षीचे रिपोर्ट असतील तर तेही पाठवा. त्यावरून आम्ही बारा महिन्यांचा कागद तयार करतो. तपासणीचे दिवस त्यात लाल, तयारीचे निळे. तो तुमच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांनी काही बदललं की आम्हीही बदलतो. पहिल्या निळ्या चौकटीच्या आदल्या संध्याकाळी आमचा फोन येईल. घरी येऊन रक्त घ्यायचं असेल तर त्याच फोनवर सांगा, म्हणजे साडेसातची वेळ तुमच्यासाठी राखून ठेवता येईल.