गाडीवरचा उलटा लंबक

रुळावर मागेपुढे धावणाऱ्या गाडीला दांडी बिजागरीने जोडतात आणि गाडी हलवून दांडी उभी ठेवतात. नियंत्रण अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांमधला हा नेहमीचा प्रयोग. कोन मोजायला बिजागरीवर एन्कोडर असतो, गाडी ओढायला मोटर आणि पट्टा.

60 सेंमी लांबीची एकसारखी दांडी घेऊ. तिची परिणामी लांबी l दोन-तृतीयांश, म्हणजे 40 सेंमी. दांडी उभी असताना तिचा अस्थिर पोल, म्हणजे झुकाव किती झपाट्याने वाढतो ते सांगणारी संख्या, p = √(g/l), सुमारे 5 रेडियन प्रतिसेकंद येतो. एकदा दांडी पडू लागली की झुकाव θ दर 0.14 सेकंदाला दुप्पट होतो. ती सावरायची तर गाडीला झुकावाच्याच दिशेने, किमान gθ इतक्या त्वरणाने धावावे लागते. स्थिर यंत्र थरथरू लागले की गेन, म्हणजे चुकीच्या प्रमाणात दिलेल्या प्रतिसादाचा जोर, कमी करतात. इथे तो या मर्यादेखाली गेला की दांडी सरळ एका बाजूला कोसळते.

बँडविड्थची, म्हणजे लूप किती जलद बदलांना साथ देऊ शकतो त्याची, किमान मर्यादा मात्र गणितातून येते. कोनमापकाच्या चुकीपैकी किती भाग प्रत्यक्ष कोनात उतरतो ते T = L/(1+L) सांगते; L म्हणजे संपूर्ण लूपचा गेन. अस्थिर पोलवर L अनंत होतो, म्हणून T(p) = 1 हे बंधन कोणत्याही कंट्रोलरला चुकत नाही. (कंट्रोलरमध्ये शून्य घालून पोल खोडता येईल असे कागदावर वाटते, पण आतला झुकाव वाढतच राहतो.) आता आपली अपेक्षा अशी, की T चे शिखर M पेक्षा मोठे नको आणि ω_B या बँडविड्थच्या पुढे T उतरत जावा. p वर T ला 1 असावेच लागते, त्यामुळे तो फार लवकर उतरू शकत नाही. हिशेब केला की निघते:

ω_B > p·M/(M−1)

M = 2 चालवून घेतला तर ω_B किमान 2p. आपल्या दांडीसाठी ते 10 रेडियन प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे 1.6 हर्ट्झ. शिखर दीडवर आणायचे असेल तर 15.

वरून विलंबाची कात्री लागते. लंबकाची फेज, म्हणजे प्रतिसाद किती मागे राहतो तो कोन, मुळातच −180° असते आणि कोन व कोनीय वेग यांवर चालणारा कंट्रोलर त्यात 90° पेक्षा कमीच भर घालतो. गेन 10 रेडियन प्रतिसेकंदाला एक होत असेल, तर 20 मिलिसेकंदांचा विलंब त्यातले 11° खातो. 100 मिलिसेकंदांचा 57°. शिवाय विलंब τ असताना T चे शिखर e^(pτ) च्या खाली येऊच शकत नाही: 0.1 सेकंदाला ते 1.65, 0.2 ला 2.7. तळहातावर मीटरभर काठी तोलता येते, पेन्सिल मात्र तोलता येत नाही, त्याचे कारण हेच. पेन्सिलीचा p सुमारे 10 आणि नजरेपासून हातापर्यंतचा विलंब जवळपास 0.2 सेकंद, शिखर सातच्या वर जाते.

दोष ओळखणे त्यामानाने सोपे आहे. दांडी न डोलता एकाच बाजूला गेली तर गेन अपुरा आहे. झोके वाढत वाढत पडली तर विलंब किंवा पट्ट्याची लवचीकता तपासावी. तिथे गेन वाढवला तर झोके आणखी वाढतात. दोन्ही टोकांत जागाच उरत नसेल, तर लांब दांडी लावणे हा प्रामाणिक उपाय: लांबी चौपट केली की p निम्मा होतो.